न्यूजंट स्कोर सारखा ४ ते ६ मध्येच अडकतोय? आमच्याकडे कुठे चुकत होतं ते सगळं लिहितोय

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या ठिकाणी एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, गायनॅक ओपीडीचे स्वॅब रोज येतात. पांढरं जाणं, खाज, वास या तक्रारींचे पेशंट भरपूर, आणि बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी आम्ही ग्रॅम स्मिअरवर न्यूजंट स्कोर देतो. मध्यंतरी दोन-अडीच महिने असं झालं की रिपोर्टवर नुसतं इंटरमीजिएट, इंटरमीजिएट, इंटरमीजिएट. ओपीडीतल्या मॅडमनी शेवटी फोन करून विचारलं, "अहो, तुमच्याकडे कुणीच धड नॉर्मल नाही आणि कुणालाच धड बीव्ही नाही, असं कसं? या रिपोर्टवर मी औषध देऊ की नको?" त्यांचं बरोबर होतं. ४ ते ६ स्कोर आला की डॉक्टर तिथेच अडकतो, आणि बाई तर परत परत येतच राहते.

हा प्रॉब्लेम बऱ्याच जणांना येतो हे मला माहितीये, म्हणून आम्ही काय काय तपासलं आणि शेवटी काय सापडलं ते लिहितोय. वेट माउंटचंही यातच येईल कारण ते वेगळं निघालंच नाही.

आधी स्कोर कसा बनतो ते पटकन, कारण सगळी गोम तिथेच आहे. ऑइल लेन्सखाली १० ते २० फील्ड बघायची आणि तीन प्रकारचे आकार मोजून सरासरी काढायची. पहिला लॅक्टोबॅसिलस, म्हणजे मोठे जांभळे रॉड. हे फील्डला ३० पेक्षा जास्त असले तर ० मार्क, ५ ते ३० असले तर १, १ ते ४ असले तर २, सरासरी एकापेक्षा कमी असली तर ३, आणि अजिबात नसले तर ४. दुसरा गार्डनरेला आणि बॅक्टेरॉइड्ससारखे छोटे रॉड, ग्रॅम व्हेरिएबल किंवा निगेटिव्ह, यांचं उलटं चालतं, म्हणजे नसले तर ० आणि ३० च्या वर गेले तर ४. तिसरा मोबिलंकस, वाकडे चंद्रकोरीसारखे रॉड, त्याला जास्तीत जास्त २ मार्क. बेरीज ० ते ३ नॉर्मल, ४ ते ६ इंटरमीजिएट, ७ ते १० बीव्ही.

आता बघा, लॅक्टो आणि गार्डनरेला एकमेकांच्या उलट मोजले जातात. एखादा लॅक्टोबॅसिलस रंग सोडून गुलाबी दिसला आणि तुम्ही त्याला गार्डनरेलाच्या रकान्यात टाकलं तर मार खाताय दोन्हीकडून, तिकडे लॅक्टो कमी झाला म्हणून मार्क वाढले आणि इकडे छोटे रॉड वाढले म्हणून परत मार्क वाढले. नॉर्मल बाईची स्लाइड एका फटक्यात २ वरून ५ वर जाते. आमचं नेमकं हेच होत होतं पण हे कळायला वेळ लागला, कारण आम्ही आधी भलतीकडेच शोधत बसलो.

पहिला संशय माणसांवर. आम्ही दोघं स्लाइड वाचतो, मी आणि एक नवीन मुलगा, चांगला हुशार आहे. मला वाटलं हाच जास्त मोजतोय. मग १२ जुन्या स्लाइड काढल्या, नंबर झाकले, दोघांनी वेगवेगळ्या वेळी वाचल्या. निघालं काय, की दोघांचे स्कोर बऱ्यापैकी जुळतात, एखाद्या मार्काचा फरक, पण दोघांचेही ४ ते ६ मध्येच. म्हणजे वाचणाऱ्यात गडबड नव्हती, स्लाइडमध्येच होती. तुमच्याकडे हा प्रॉब्लेम असेल तर आधी हेच करा, कारण दोघांचं जुळत नसेल तर रस्ता वेगळा आणि जुळत असेल पण दोघंही मध्येच अडकत असतील तर रस्ता वेगळा.

जुळत नसेल तर एक गोष्ट नक्की बघा जी फार लोक बघत नाहीत, ती म्हणजे आयपीसवरचा फील्ड नंबर. आयपीसच्या कडेला १० एक्स च्या पुढे १८ किंवा २० किंवा २२ लिहिलेलं असतं. १०० च्या ऑब्जेक्टिव्हखाली १८ वाल्यात तुम्हाला ०.१८ मिमी व्यासाचा गोल दिसतो आणि २२ वाल्यात ०.२२ मिमी. ऐकायला किरकोळ वाटतं पण क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होतं. म्हणजे जुन्या मायक्रोस्कोपवर ज्या स्लाइडमध्ये फील्डला २२ लॅक्टो मोजले त्याच स्लाइडवर नव्या मायक्रोस्कोपवर ३३ भरतील, एकाने १ मार्क दिला, दुसऱ्याने ०, आणि दोघंही बरोबर. आमच्याकडे असे दोन मायक्रोस्कोप आहेत, तेव्हापासून न्यूजंटची स्लाइड एकाच मायक्रोस्कोपवर वाचायची असं ठरवून टाकलं. यामुळे फरक एखाद्या मार्काचाच पडतो, पण ३ आणि ४ च्या सीमेवर तेवढा मार्क पुरतो.

बरं, आमच्यात तर जुळत होतं. मग मी एका स्लाइडवर तासभर बसलो, नुसतं मोजत नाही तर बघत. पेशंट २६ वर्षांची, तक्रार किरकोळ, पीएच ४ च्या आसपास आलेला, वासाची टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे केओएचचा थेंब टाकल्यावर मासळीसारखा वास आला नव्हता. आणि न्यूजंट ५. हे पटतच नव्हतं. दहा फील्डमध्ये जांभळे मोठे रॉड होते ३, १, ४, २, ५, २, ३, १, ४, ३, म्हणजे एकूण २८, सरासरी २.८, त्याला २ मार्क. गुलाबी आणि अर्धवट रंगाचे रॉड सरासरी १२ च्या आसपास, त्याला ३ मार्क. मोबिलंकस नाही, ०. बेरीज ५. कागदावर काहीच चूक नाही.

पण रंग विसरून नुसता आकार बघायला लागलो तेव्हा लक्षात आलं, ते जे गुलाबी रॉड होते त्यातले बहुतेक जांभळ्यांइतकेच लांब आणि तेवढेच जाड होते, टोकं चौकोनी कापल्यासारखी, दोन-दोन तीन-तीनच्या साखळीत. आणि काही ठिकाणी तर एकाच साखळीत एक रॉड जांभळा आणि त्याला चिकटलेला पुढचा गुलाबी. एका साखळीत दोन वेगळ्या जातीचे जंतू कसे काय असतील? गार्डनरेला असा दिसत नाही, तो बारीक असतो, जवळजवळ कॉकससारखा आखूड, आणि पेशींवर चिकटून गर्दी करतो. हे सरळ सरळ रंग उडालेले लॅक्टोबॅसिलस होते. वर स्लाइडच्या मध्यभागी जिथे स्मिअर जाड होता तिथे रॉड जांभळे आणि कडेला पातळ भागात तेच रॉड गुलाबी, ही तर पक्की खूण.

म्हणजे डिकलरायझर जास्त चालला होता. का? स्टोअरमधून डिकलरायझर बदलून आला होता. आधी आम्ही ९५ टक्के अल्कोहोल वापरायचो आणि सवयीने २० सेकंदांच्या आसपास धरायचो, नवीन बाटली ॲसिटोन अल्कोहोलची होती, आणि ॲसिटोन फार वेगात रंग काढतं, त्याला ३-४ सेकंद पुरतात, लगेच पाणी मारावं लागतं. बाटलीवर लिहिलेलं होतं पण हाताची सवय कोण बदलणार, तो मुलगाही माझ्याकडूनच शिकलेला, म्हणून दोघांचे स्कोर इतके छान जुळत होते. एकाच पद्धतीने दोघंही चुकत होतो.

इथे तुम्ही म्हणाल कंट्रोल स्लाइड नाही का लावत. लावतो ना, रोज लावतो, एकीकडे स्टॅफिलोकॉकस आणि एकीकडे ई. कोलाय. आणि ती दोन-अडीच महिने रोज पास होत होती! कारण स्टॅफिलोकॉकस रंग घट्ट धरून ठेवतो, थोडंफार जास्त डिकलराइज झालं तरी तो जांभळाच राहतो. लॅक्टोबॅसिलस, त्यातही म्हातारा झालेला, लवकर रंग सोडतो. म्हणजे आमचा कंट्रोल ज्या चुकीसाठी लावलेला त्या चुकीला पकडतच नव्हता. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

मग आम्ही काय केलं तर मॅडमना सांगून त्याच पेशंटच्या पुढच्या भेटीत दोन स्मिअर एकाच वेळी घेतले, एकाच स्वॅबवरून, एक आधीसारखा २० सेकंद आणि दुसरा ४ सेकंद. पहिल्यावर परत ५ आला. दुसऱ्यावर जांभळे मोठे रॉड सरासरी १९, त्याला १ मार्क, छोटे खरोखरचे व्हेरिएबल रॉड सरासरी २, त्याला २ मार्क, मोबिलंकस नाही. बेरीज ३, नॉर्मल. तिचा पीएच आणि वासाची टेस्ट आधीपासून हेच सांगत होते.

आता आमचा नवा कंट्रोल असा आहे की एका चांगल्या नॉर्मल स्वॅबवरून, जिथे लॅक्टो भरपूर आहेत, ८-१० स्मिअर करून हवेत वाळवून मिथेनॉलने फिक्स करून डबीत ठेवायचे, आणि रोजच्या बॅचमध्ये त्यातला एक रंगवायचा. त्याच्यावर जर लॅक्टो गुलाबी दिसले तर बॅच थांबवायची. जुने स्मिअर फार दिवस वापरत नाही, संपले की नवीन करतो. स्टॅफ आणि कोलायची स्लाइड बंद केली नाही, ती आपल्या जागी ठीक आहे.

उलट चूकही होते, कमी डिकलराइज. तेव्हा सगळंच जांभळं दिसतं आणि गार्डनरेलासुद्धा जांभळा होऊन बसतो, मग खरी बीव्ही सुटते. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे पेशींचं केंद्रक आणि पस सेल. ते गुलाबी-लाल असायला हवेत, जांभळे दिसले तर स्लाइड वाचायचीच नाही, परत करायची. स्मिअर जाड असला की हे हमखास होतं, म्हणून स्वॅब स्लाइडवर घासायचा नाही, हलक्या हाताने फिरवत फिरवत लोळवायचा, आणि आग दाखवताना जाळायचं नाही. आयोडीनही बघा, बाटली उघडी राहिली किंवा उन्हात ठेवली की ते फिकट पडतं, आणि कमजोर आयोडीनने लॅक्टोचा रंग आणखी कच्चा राहतो. आमच्या बाटलीतलं कडक चहासारखं दिसलं पाहिजे, पातळ पिवळं झालं की टाकून देतो. सॅफ्रॅनिनचं सांगायचं तर मोबिलंकस आणि तसले ॲनएरोब त्याने फारच फिकट रंगतात, नजर चुकते, तेवढ्यासाठी थोडा जास्त वेळ ठेवतो.

हे दुरुस्त केल्यावर इंटरमीजिएट एकदम कमी झाले, पण संपले नाहीत, आणि संपायलाही नको होते. जे उरले ते कसे उरले ते समजून घेणं महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

एक तर, ४ मार्क कसे आले ते बघा. लॅक्टो अजिबात नाही म्हणून ४, बाकी दोन्ही शून्य, बेरीज ४. हे बीव्हीच्या वाटेवरचं नाही, हे नुसतं रिकामं आहे. पाळी गेलेल्या बायकांमध्ये इस्ट्रोजेन कमी झाल्याने लॅक्टो नसतात, पेशीही पॅराबेसल दिसतात, गोल आणि मोठ्या केंद्रकाच्या, तिथे न्यूजंट चालतच नाही, त्याच्यावर इंटरमीजिएट छापणं म्हणजे डॉक्टरची दिशाभूल करणं. अँटिबायोटिकनंतरही अशी रिकामी स्लाइड येते. न्यूजंट १९९१ साली आला तेव्हा अशी रिकामी स्लाइड वेगळी काढायला जागाच ठेवली नव्हती, २००२ च्या आयसन-हे ग्रेडिंगमध्ये त्याला वेगळा ग्रेड शून्य दिलाय, आणि कॉकसच्या गर्दीला ग्रेड चार. मला ती पद्धत या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटते. आम्ही रिपोर्ट न्यूजंटनेच देतो पण आता नुसती बेरीज लिहीत नाही, तिन्ही आकडे वेगवेगळे लिहितो, ४+०+० किंवा २+३+०, मॅडमना दोन्हीतला फरक लगेच कळतो.

दुसरं म्हणजे हिरवं किट. सरकारी दवाखान्यांत आणि सुरक्षा क्लिनिकमध्ये पांढरं जाण्यासाठी नाकोचं किट २ देतात, हिरव्या रंगाचं, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल असतं. ते चांगलंच आहे, लक्षणांवरून लगेच उपचार होतो. पण बाई ते घेऊन आठवड्याने आपल्याकडे येते आणि सांगत नाही, तिला वाटतं ते वेगळं औषध. स्लाइडवर गार्डनरेला घटलेले असतात, लॅक्टो अजून परत आलेले नसतात, स्कोर येतो ५. फॉर्मवर आम्ही एक ओळ वाढवलीये, "गेल्या पंधरा दिवसांत कुठल्याही गोळ्या, पेसरी, हिरवं पाकीट?" आणि सिस्टर ते तोंडी विचारतात, कारण "अँटिबायोटिक घेतलं का" असं विचारलं की सगळ्या नाहीच म्हणतात.

तिसरं लॅक्टोबॅसिलस आयनर्स. हा १९९९ मध्ये नोंदवला गेलेला लॅक्टो बाकीच्यांपेक्षा आखूड आणि नाजूक असतो, कधी कधी रंगही कच्चा धरतो, त्यामुळे स्टेन बरोबर असूनही तो गार्डनरेलासारखा वाटू शकतो. याच्यावर मायक्रोस्कोपखाली पक्का उपाय नाही. मी एवढंच करतो की शंका आली तर क्लू सेल बघतो. न्यूजंटमध्ये क्लू सेल मोजत नाहीत हे खरं, पण ५-६ स्कोर आहे आणि क्लू सेल ढिगाने आहेत, तर ते शेऱ्यात लिहितो. फक्त खरा क्लू सेल लिहा, ज्याची कड जंतूंनी अशी झाकली जाते की सीमारेषाच धूसर होते. चार लॅक्टो चिकटलेली पेशी, किंवा आतल्या दाण्यांमुळे खरखरीत दिसणारी पेशी, ही क्लू सेल नाही.

आणि आता चौथं, ज्याच्यामुळे वेट माउंटवर यावं लागतं. एक पेशंट होती, चाळिशीतली, शेतमजुरी करणारी, तीनदा आली. हिरवट पिवळसर स्राव, जळजळ. स्कोर ६, लॅक्टो सरासरी एकापेक्षा कमी म्हणून ३, छोटे रॉड १०-१२ म्हणून ३, मोबिलंकस नाही. वेट माउंट निगेटिव्ह, दोनदा. पण स्लाइडवर पस सेल खूप. आणि नुसत्या बीव्हीत पस सेल फारसे दिसत नाहीत, त्यात सूज नसते. इंटरमीजिएट किंवा बीव्हीची स्लाइड आणि वर पस सेलची गर्दी दिसली की दुसरं काहीतरी आहे असं धरायचं, ट्रायकोमोनास नाहीतर गर्भाशयाच्या तोंडाचं इन्फेक्शन. ट्रायकोमोनासमध्येही पीएच ४.५ च्या वर जातो, वासाची टेस्टही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्रच असतात, त्यामुळे "बीव्ही सापडली, झालं" असं म्हणून थांबायचं नाही.

मग निगेटिव्ह का येत होतं? आम्ही मागे मागे गेलो. स्वॅब सकाळी ९ ला ओपीडीत घेतला, वॉर्डबॉय ११ ला आणून देतो, आणि मध्ये सिस्टर चांगल्या मनाने तो फ्रिजमध्ये ठेवतात, बाकी सॅम्पल ठेवतात तसा. ट्रायकोमोनास आपण ओळखतो तो त्याच्या हालचालीवरून, झटके देत, लडखडत, शेपटीसारखे चार फ्लॅजेला पुढे आणि बाजूला लहरणारा पडदा. थंडीत आणि वेळ गेला की तो थांबतो, गोल होतो, आणि मग पस सेल आणि तो जवळजवळ सारखेच दिसतात, आकार तेवढाच. ताज्या स्वॅबवरसुद्धा वेट माउंट सगळे ट्रायकोमोनास पकडत नाही, निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत पकडले तरी चांगलं, त्यात दोन तास फ्रिज म्हणजे काहीच हाती लागणार नाही.

आणि आमच्या टेबलावरची एक चूक वेगळी. स्लाइड वाचवायला एकाच स्लाइडवर एका बाजूला सलाइनचा थेंब आणि दुसऱ्या बाजूला १० टक्के केओएचचा थेंब. कव्हरस्लिप ठेवल्या की केओएच सरकत सरकत सलाइनच्या बाजूला जातो. केओएच पेशी विरघळवतो, ट्रायकोमोनासही मरतो. ड्रॉपर एकच असेल तर आणखी वाईट. दोन वेगळ्या स्लाइड, दोन वेगळे ड्रॉपर, सलाइन आधी, केओएच नंतर. एवढ्याने बराच फरक पडला.

त्या बाईच्या वेळी मी मायक्रोस्कोप घेऊन ओपीडीच्या शेजारच्या खोलीत बसलो. मॅडमनी स्वॅब घेतला, अर्धा मिली कोमट सलाइनमध्ये ढवळला, एक थेंब, कव्हरस्लिप, आधी १० वर मग ४० वर, कंडेन्सर खाली आणि डायफ्रॅम थोडा बंद, नाहीतर प्रकाशात काहीच दिसत नाही. घेतल्यापासून पाच मिनिटांत बघत होतो आणि दुसऱ्याच फील्डमध्ये तो पस सेलच्या घोळक्याला धक्के देत होता. पस सेलचा घोळका हलतोय आणि हलवणारा दिसत नाही, असं वाटलं की तिथेच थांबा, तो तिथेच असतो. मॅडमना दाखवलं. तिच्या नवऱ्यालाही औषध द्यायचं ठरलं, जे आधीच्या दोन रिपोर्टवर झालं नसतं, आणि म्हणूनच ती परत परत येत होती.

म्हणून एक नियम केला, ट्रायकोमोनास "दिसला" असं फक्त हालचाल दिसली तरच लिहायचं. हे लैंगिक संसर्गाचं निदान आहे, घरात त्याचे परिणाम होतात, एका गोल पेशीवरून असा रिपोर्ट देऊ नये. संशय असेल पण हालत नसेल तर स्लाइड काही मिनिटं ३७ च्या इनक्युबेटरमध्ये ठेवून परत बघायची, कधी कधी गारठलेला परत हलायला लागतो. नाहीच हललं तर ताजा स्वॅब मागायचा आणि फॉर्मवर घेतल्याची वेळ लिहायला सांगायची. दोन तास जुन्या सॅम्पलवर "निगेटिव्ह" लिहिण्यापेक्षा "सॅम्पल उशिरा मिळालं, ट्रायकोमोनाससाठी योग्य नाही" असं लिहितो. यावर ओपीडीतून थोडी कुरकुर झाली पण मॅडम आमच्या बाजूने उभ्या राहिल्या.

कँडिडाचं तसं सोपं आहे, तो मरत बिरत नाही, वेळ गेला तरी दिसतो. केओएचमध्ये पेशी विरघळल्या की कळ्या फुटलेली यीस्ट आणि स्यूडोहायफी उठून दिसतात, ग्रॅमवरही ते गडद जांभळे आणि जंतूंपेक्षा कितीतरी मोठे. गोंधळ होतो तो वेगळ्याच गोष्टींमुळे. रक्ताच्या पेशी सलाइनमध्ये यीस्टसारख्या वाटतात, त्या केओएचमध्ये फुटून जातात, यीस्ट राहते. पेसरीचे तेलकट थेंब गोल आणि चमकदार, पण सगळे वेगवेगळ्या आकाराचे आणि कळी एकालाही नाही. कापसाचा धागा हायफासारखा वाटतो पण तो फारच जाड आणि एका फील्डमधून दुसऱ्या फील्डमध्ये सरळ निघून जातो. एकदा आम्हाला लागोपाठ चार पेशंटना यीस्ट दिसली, खाज एकीलाही नव्हती, शेवटी नुसत्या सलाइनचा थेंब बघितला तर यीस्ट तिथेच, बाटली कधीची उघडी होती कुणास ठाऊक. आता सलाइन छोट्या बाटल्यांत, आणि रोज सकाळी पहिला थेंब रिकामा बघायचा.

ग्लॅब्राटा जातीत स्यूडोहायफी बनत नाहीत, नुसती छोटी यीस्ट दिसते, म्हणून हायफी नाही म्हणजे कँडिडा नाही असं लिहू नका. आणि काही बायकांमध्ये तक्रार नसतानाही थोडी यीस्ट असतेच, ते आम्ही "यीस्ट दिसली, थोडी" एवढंच लिहितो, औषध द्यायचं की नाही ते मॅडम पेशंटकडे बघून ठरवतात.

अजून एक, स्वॅब कुठून घेतात ते एकदा ओपीडीत जाऊन बघून या. योनीच्या बाजूच्या भिंतीवरून, वरच्या भागातून घ्यायचा. गर्भाशयाच्या तोंडाशी घेतला तर म्यूकस येतो, पीएच खोटा वाढतो आणि लॅक्टो कमी दिसतात. रक्त आणि वीर्य असलं तरी पीएच वाढतो, त्यामुळे पीएच ५ आणि स्कोर १ असं विचित्र जुळलं की आधी सिस्टरना विचारा की पाळी नुकतीच संपली का, आदल्या दिवशी संबंध आला होता का, आणि मगच स्लाइडवर शंका घ्या.

ज्यांच्याकडे आत्ता इंटरमीजिएट जास्त येतायत त्यांनी उद्या कमी स्कोरचा, लॅक्टोने भरलेला एक स्वॅब शोधा, त्याचे दोन स्मिअर करा, तुमच्या रोजच्या वेळेला एक आणि त्याच्या निम्म्या वेळेला दुसरा डिकलराइज करा, आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. निम्म्या वेळेच्या स्लाइडवर पस सेल आणि केंद्रकं गुलाबीच असतील आणि लॅक्टो जास्त जांभळे झाले असतील तर तुमचा हात आमच्यासारखाच जास्त वेळ थांबतोय. दोन्ही सारख्याच दिसल्या तर स्टेन सोडून द्या आणि फॉर्मवरच्या हिरव्या पाकिटाच्या ओळीपासून सुरुवात करा.